सॉफ्टवेअर बंद, बिल मात्र पूर्ण?

क्लाउडवर चालणारे सॉफ्टवेअर महिन्यातून तीन-चारदा बंद पडले की आपण सपोर्टला फोन करतो, ते सुरू झाले की कामाला लागतो आणि महिनाअखेर पूर्ण बिल भरतो. अनेक करारांत मात्र अशा बंद वेळेसाठी बिलात सूट लिहिलेली असते. तिला सर्व्हिस क्रेडिट म्हणतात. ती सहसा आपोआप मिळत नाही, मुदतीत लेखी मागावी लागते. गूगल वर्कस्पेसच्या अटींनुसार पात्र ठरल्यापासून ३० दिवसांत कळवावे लागते. अ‍ॅमेझॉनची ईसी२ सेवा तर मागणीच्या विषयाच्या ओळीत `SLA Credit Request` हे शब्द हवेत, असे सांगते.

एक उदाहरण घेऊ. नाशिकमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट आणि बिले एका ऑनलाइन सॉफ्टवेअरवर निघतात, असे समजा. महिन्याचे भाडे २४,००० रुपये आणि अपटाइमची हमी ९९.९ टक्के. तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात, त्यामुळे या हमीत जेमतेम ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा आहे. करारानुसार अपटाइम ९९.९ च्या खाली पण ९९ टक्क्यांपर्यंत राहिला तर १० टक्के क्रेडिट मिळते.

जूनमध्ये लॅबच्या वहीत चार नोंदी झाल्या. त्यातली १९ तारखेची नोंद दाव्यातून काढावी लागली. त्या वेळी मोबाइल डेटावरून लॉगिन होत होते, म्हणजे बिघाड लॅबच्याच ब्रॉडबँडमध्ये होता. आधी कळवून रविवारी रात्री केलेली दोन तासांची देखभालही करारानुसार मोजायची नाही. सॉफ्टवेअर नुसते मंद चालणे किंवा काही मिनिटांचा अडथळा पुष्कळ करारांत धरत नाहीत, म्हणून ‘डाउनटाइम’ची व्याख्या आधी वाचावी.

उरलेल्या तीन बिघाडांची बेरीज १९० मिनिटे झाली. कंपनीच्या स्टेटस पेजवर मात्र शेवटचा बिघाड ०४:२० ते ०५:४० असा दिसत होता. ती वेळ यूटीसीमध्ये होती. साडेपाच तास मिळवले की ९.५० ते ११.१० होते. लॅबने बिघाड साडेनऊलाच नोंदवला होता, म्हणजे वीस मिनिटांचा फरक. पण कंपनीचा आकडा धरला तरी दर तोच लागतो, तेव्हा त्या वीस मिनिटांवर वाद घालण्यात अर्थ नाही. ईमेलमध्ये दोन्ही हिशेब द्यावेत.

विषय: सर्व्हिस क्रेडिटचा दावा, जून महिना, ग्राहक क्र. …

महोदय,
करारातील अपटाइमच्या कलमानुसार हा दावा करत आहोत. पुढील वेळी आमच्या एकाही संगणकावरून वा मोबाइल डेटावरून लॉगिन होत नव्हते. सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार आहेत.
४ जून, सकाळी १०.१२ ते १०.४९: ३७ मिनिटे, तिकीट क्र. …
१३ जून, संध्याकाळी ६.०५ ते ६.५८: ५३ मिनिटे, तिकीट क्र. …
२४ जून, सकाळी ९.३० ते ११.१०: १०० मिनिटे, तिकीट क्र. …
एकूण १९० मिनिटे, अपटाइम ९९.५६ टक्के. आपल्या स्टेटस पेजनुसार १७० मिनिटे, अपटाइम ९९.६१ टक्के. दोन्ही हिशेबांनी १० टक्के क्रेडिट लागू होते.
कृपया २,४०० रुपये पुढील बिलात वळते करावेत आणि बिघाडांचे मूळ कारण लेखी कळवावे. एरर स्क्रीनचे फोटो सोबत आहेत. या दाव्यामुळे करारातील आमचे इतर हक्क आम्ही सोडत नाही.

या पत्रात रुग्णांची झालेली गैरसोय मुद्दाम लिहिलेली नाही. दावा तपासणारा माणूस तारीख, वेळ, तिकीट आणि कलम पाहतो. त्याला पुन्हा काही विचारावे लागले नाही, तर मंजुरी लवकर मिळते. क्रेडिट हातात येईपर्यंत स्वतःहून बिलातून पैसे कापू नयेत, कारण अनेक करारांत थकबाकीदाराला क्रेडिट मिळत नाही.

२,४०० रुपयांनी लॅबचे नुकसान भरून निघत नाही, हे खरे. क्रेडिट म्हणजे नुकसानभरपाई नव्हे, आणि बहुतेक करार तोच एकमेव उपाय असल्याचे सांगतात. पण काही करारांत सलग तीन महिने हमी मोडली तर मुदतीआधी दंडाशिवाय करार सोडता येतो. त्यासाठी तिन्ही महिन्यांची लेखी नोंद लागते आणि दर महिन्याचा हा ईमेल ती नोंद तयार करतो. तुमच्या करारात असे कलम नसेल, तर नूतनीकरणावर सही करण्याआधी ते घालून घ्या. मूळ कारण सांगणारी उत्तरे त्या वेळी टेबलावर ठेवली, तर कंपनीला नाही म्हणणे अवघड जाते.