पावणेतीनला प्रार्थनेची घंटा

आमच्या गावची शाळा डोंगराच्या कुशीत आहे. फोनला रेंज मिळते ती वरच्या खिंडीत, इंटरनेटचा तर प्रश्नच नाही. शाळेची घंटा आपोआप वाजावी म्हणून मी एक छोटा सर्किट बोर्ड, एक रिले आणि एक घड्याळाचं मॉड्यूल जोडून यंत्र बनवलं. सकाळी १०.२० ला त्यात प्रोग्राम टाकला आणि १०.३० ला प्रार्थनेची घंटा बरोबर वाजली. दुपारी लाइट गेली, २.३५ ला आली आणि पावणेतीनला पुन्हा प्रार्थनेची घंटा झाली. दुसरीची मुलं पटांगणात येऊन रांगेत उभीसुद्धा राहिली. शिपाईमामा म्हणाले, "सर, माझा टोलाच बरा होता."

चूक माझीच होती. मॉड्यूलमधलं घड्याळ सेलवर व्यवस्थित चालू होतं, पण वीज आल्यावर माझा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून सुरू व्हायचा. त्या सुरुवातीलाच घड्याळ लावण्याची आज्ञा होती, आणि ती लावायची प्रोग्राम तयार झाला ती वेळ, म्हणजे १०.२०. दर वेळी लाइट आली की बिचारं घड्याळ मागे जायचं. या कामात नवख्या माणसाकडून सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच असावी.

मुळात वेगळं घड्याळ लागतंच कशाला? कारण अशा स्वस्त बोर्डाची स्वतःची लय कच्ची असते. त्यातल्या सिरॅमिक रेझोनेटरमध्ये अर्ध्या टक्क्याची चूक चालवून घेतात, आणि दिवसाला अर्धा टक्का म्हणजे ७ मिनिटं. शिवाय वीज गेली की तो सगळंच विसरतो. घड्याळाच्या मॉड्यूलमध्ये मात्र क्वार्ट्झचा इवलासा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा दोनाचा पंधरावा घात आहे, म्हणून तो पंधरा वेळा निम्मा केला की नेमका १ उरतो, आणि तोच आपला सेकंद.

पण क्वार्ट्झलाही ऊन लागतं. हा स्फटिक साधारण २५ अंशांना सर्वांत जलद चालतो. तापमान त्याच्या वर गेलं काय किंवा खाली गेलं काय, तो मंदावतोच. फरक अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ४५ अंशांना तो दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास मागे पडतो. आमचं यंत्र पत्र्याच्या खोलीत होतं आणि त्यात डीएस१३०७ नावाची जुनी, साधी चिप होती. मे महिन्याच्या ३० दिवसांत ते ६६ सेकंद मागे पडलं. रोज २.२ सेकंद पुढे ढकलायचं असा हिशेब मी प्रोग्राममध्ये घातला आणि खूश झालो. डिसेंबरात तेच घड्याळ महिन्याला पंधराएक सेकंद पुढे जाऊ लागलं. उन्हाळ्याचं माप हिवाळ्याला लावलं होतं, दुसरं काय!

म्हणून मग डीएस३२३१ बसवली. या चिपमध्ये स्फटिक आतच असतो आणि जोडीला तापमापक. दर ६४ सेकंदांनी ती तापमान मोजते आणि त्या मानाने स्फटिकाची लय सावरते. ० ते ४० अंशांत तिची चूक दहा लाखांत २ पेक्षा जास्त नसते, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त मिनिटभर. शाळेला एवढं पुरे. पण मला उरलेला फरकही काढायचा होता, आणि तो काढताना कळलं की खरी कसोटी घड्याळापेक्षा मोजणाऱ्याच्या धीराची आहे.

मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला जायचे तेव्हा त्यांच्या फोनला नेटवर्कची वेळ मिळायची. परत आल्यावर फोन आणि यंत्र शेजारी ठेवून आम्ही सेकंद जुळवायचो. डोळा आणि बोट मिळून यात अर्ध्या सेकंदाची चूक होतेच. एका दिवसाने ताडून पाहिलं तर तो अर्धा सेकंद म्हणजे दहा लाखांत जवळजवळ ६, चिपच्या चुकीच्या तिप्पट! अशा मापाने दुरुस्ती करणं म्हणजे बरं घड्याळ बिघडवणं. ६० दिवस थांबलं तर तोच अर्धा सेकंद दहा लाखांत ०.१ इतका होतो. आम्ही ६० दिवस थांबलो. यंत्र १० सेकंद पुढे होतं. ६० दिवसांचे ५१,८४,००० सेकंद. त्यांत १० म्हणजे दहा लाखांत १.९.

या चिपमध्ये अशा दुरुस्तीसाठी एक खास कप्पा आहे. त्यातली एक पायरी म्हणजे साधारण दहा लाखांत ०.१. अधिक आकडा लिहिला की घड्याळ मंदावतं, उणे लिहिला की जलद होतं. आमचं पुढे जात होतं, म्हणून अधिक १९:

```
Wire.beginTransmission(0x68);
Wire.write(0x10);
Wire.write(19);
Wire.endTransmission();
```

आधीच पुढे गेलेले १० सेकंद याने परत येत नाहीत. त्यासाठी वेळ एकदा नव्याने लावावी लागते. ते काम शाळेच्या वेळेत करू नये. १०.३० ची घंटा होऊन गेल्यावर घड्याळ १०.२९ वर आणलं तर ती दुसऱ्यांदा वाजणार. आम्ही शाळा सुटल्यावर करतो.

आता सेल. बाजारातल्या स्वस्त निळ्या मॉड्यूलवर चार्जिंगची सोय असते, ती चार्ज होणाऱ्या सेलसाठी. आपण मात्र दुकानातून आणतो तो सीआर२०३२, आणि तो चार्ज करायचा नसतो. ५ व्होल्ट जोडले की या ३ व्होल्टच्या सेलवर साडेचारच्या आसपास व्होल्ट येत राहतात. सेल फुगतो, गळतो. काचेच्या छोट्या डायोडशेजारी २०१ असं छापलेला रेझिस्टर असतो. तो सोल्डर तापवून उचलून टाकला की चार्जिंग बंद.

चांगला सेल काही वर्षं सहज जातो. पण तो संपल्याचं कळत नाही, कारण लाइट असेपर्यंत घड्याळ ठीक चालतं. म्हणून तीन वर्षांनी, चांगला वाटत असला तरी, बदलून टाकावा. बदलताना ५ व्होल्टचा पुरवठा चालूच ठेवायचा. वीज आणि सेल दोन्ही एकदम काढले तर वेळही जाते आणि तो १९ चा आकडाही.

तरी कधीतरी दोन्ही जाणारच. घड्याळ मध्ये बंद पडलं होतं याची खूण चिप स्वतःजवळ ठेवते. अनेक नमुना प्रोग्राम ती खूण दिसली की पुन्हा प्रोग्राम तयार झाल्याची वेळ लावतात, म्हणजे फिरून १०.२०. मी तसं करत नाही:

```
if (rtc.lostPower()) {
  bellAllowed = false;
  digitalWrite(RED_LED, HIGH);
}
```

लाल दिवा लागला की यंत्र गप्प बसतं. मग मामा घड्याळ बघून टोला देतात आणि मला निरोप धाडतात. गेल्या पावसाळ्यात असं एकदाच झालं. सेल बसतो त्या पट्टीला गंज चढला होता.