नाही म्हणायला वाट ठेवून

आपल्याकडे शब्द टाकणे आणि ओळख करून देणे या दोन गोष्टी सर्रास एक समजल्या जातात. त्या एक नाहीत. शब्द टाकणारा स्वतःची पत पणाला लावतो. ओळख करून देणारा फक्त दोन माणसांची गाठ घालून देतो आणि बाजूला होतो. मागणाऱ्याच्या मनात हा फरक स्पष्ट नसेल, तर ज्याच्याकडे मागतो त्याच्या पोटात गोळा येतो.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत माझी सव्वीस वर्षांची नोकरी झाली, सगळी प्रयोगशाळेत. औषधाची पावडर, रंग, कापड, पोलाद असे नाना तऱ्हेचे कारखाने शेजारी शेजारी असूनही नोकऱ्यांच्या बातम्या मात्र सगळ्यांना सारख्याच असतात. बोईसरला एकाच लोकलमधून उतरणारी माणसं एकमेकांना नवीन काय सांगणार? अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली नेमकं हेच दाखवून दिलं. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, की ज्याच्याकडून कळलं तो तुम्हाला कितीदा भेटत असे? वरचेवर भेटणारा होता असं सांगणारे साधारण सहात एक निघाले. बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून कळलं होतं. म्हणून सहकाऱ्याच्या ओळखीतला, आपल्याला अनोळखी असलेला माणूस मोलाचा ठरतो.

आता आमच्या प्रयोगशाळेतल्या एका केमिस्ट मुलीची गोष्ट घेऊ. राहायला पालघरला, क्यूसीत सहा वर्षं, रात्रपाळ्या चालू, घरी आजारी वडील. रेग्युलेटरी विभागात, म्हणजे औषधाच्या परवानगीचे कागद तयार करणाऱ्या विभागात, गेलं तर पाळी सुटेल असा तिचा विचार होता. आमच्या स्टॅबिलिटी विभागातल्या एका सरांचे जुने सहकारी वापीला हेच काम पाहतात, हे तिला ठाऊक होतं. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये सरांच्या शेजारी बसून विचारावं असं तिच्या मनात होतं. मी म्हटलं, तेवढं करू नकोस.

बसमध्ये चार माणसं ऐकत असतात. शिवाय तोंडावर नाही म्हणणं फार कमी लोकांना जमतं. फ्रॅन्सिस फ्लिन आणि व्हनेसा बोन्स यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना अनोळखी लोकांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायला सांगितलं होतं. ठरलेली संख्या पुरी व्हायला वीसेक जणांना विचारावं लागेल, असा विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात दहाएक जण पुरले. समोरच्यावर भीड किती पडते, हे मागणाऱ्याला कळतच नाही.

कोणी म्हणेल, मग बरंच आहे की, भिडेपोटी का होईना, काम झालं! पण तसं होत नाही. भिडेखातर दिलेली ओळख लंगडी असते. सर वापीला फोन करून म्हणणार, ‘आमच्याकडची एक मुलगी आहे, बघा काही जमलं तर.’ एवढ्यावर कोणी हलत नाही. मनापासून हो म्हणणारा माणूस ‘ही नेमकं अमुक विचारणार आहे, पंधरा मिनिटं द्या’ असं सांगतो. हे दोन होकार वेगळे ओळखू यायचे, तर नकार स्वस्त असावा लागतो.

शेवटी तिने व्हॉट्सॲपवर लिहिलं. वाचून, दोन दिवस थांबून उत्तर देता येतं, हा लेखी विचारण्याचा खरा फायदा. तिचा मजकूर साधारण असा होता:

‘सर, एक विचारायचं होतं, घाई नाही. वापीला तुमचे जुने सहकारी रेग्युलेटरी विभागात आहेत असं तुम्ही मागे म्हणाला होतात. त्या कामाचं रोजचं स्वरूप काय आणि क्यूसीतल्या माणसाने आधी काय शिकावं, एवढं मला त्यांना फोनवर विचारायचं आहे. पंधरा मिनिटं पुरतील. नोकरीबद्दल बोलणार नाही. तुम्हाला योग्य वाटलं तर आधी त्यांना विचारा, ते हो म्हणाले तरच माझा नंबर द्या. सोयीचं नसेल तर उत्तर नाही दिलंत तरी चालेल, मी पुन्हा विचारणार नाही. दांडेकर कॉलेजच्या माझ्या एका मॅडमकडेही मी चौकशी करते आहे, त्यामुळे माझं अडणार नाही.’

याखाली वेगळ्या निरोपात तिने स्वतःची माहिती चार ओळींत दिली. सरांना ती जशीच्या तशी पुढे पाठवता यावी, हा हेतू.

यात तीन दारं उघडी आहेत. गप्प बसलं तर तोच नकार, म्हणून ‘नाही’ लिहायचीही गरज नाही. वापीच्या माणसाला आधी विचारायचं असल्याने त्यालाही सुटका आहे. आणि दुसरीकडे चौकशी चालू आहे म्हटल्यावर सरांच्या मनावर ओझं राहत नाही. हे तिसरं मात्र खरं असावं लागतं. तिने मॅडमना खरोखरच विचारलं होतं. सहकाऱ्याच्या नकाराची कारणं आपल्याला दिसत नाहीत. त्या जुन्या सहकाऱ्याशी बिनसलं असेल, किंवा आपला माणूस फोडला असं साहेबांना वाटेल ही धास्ती असेल. म्हणून कारण विचारायचं नाही.

आणि आपल्याकडचा नकार ओळखायला शिकावं. ‘बघतो’, ‘सध्या ते गडबडीत आहेत’, ‘दिवाळीनंतर बोलू’ हे बहुधा नकारच असतात. ‘बायोडाटा पाठवून ठेव’ हा मात्र दोन्हीकडे झुकतो. सरांनी पुढे एखादा प्रश्न विचारला तर आशा, नाहीतर सोडून द्यावं. आठवड्याने ‘सर, त्याचं काय झालं?’ विचारलं, की आपण उघडं ठेवलेलं दार आपणच लावलं.

सर चार दिवस गप्प होते. ही रोजच्यासारखी नमुने घेऊन त्यांच्याकडे जात राहिली. त्या विषयावर अक्षर काढलं नाही. पाचव्या दिवशी निरोप आला, की रविवारी अकरा वाजता फोन कर. वापीच्या गृहस्थांनी सांगितलं, की परवानगीच्या अर्जाची ठरलेली मांडणी असते, सीटीडी नावाची. तिच्या तिसऱ्या भागात औषधाची गुणवत्ता, अशुद्धता, टिकाऊपणाच्या चाचण्या येतात. तो भाग क्यूसीच्याच आकड्यांवर उभा असतो, तेव्हा तिथून सुरुवात करावी. तिने त्याच संध्याकाळी सरांना दोन ओळींत हे कळवलं आणि आभार मानले. लगेच दुसरी ओळख मागितली नाही.

काही ठिकाणी मात्र कितीही नीट लिहिलं तरी विचारू नये. खरेदी विभागातल्या माणसाला त्याच्या पुरवठादाराची ओळख मागणं, किंवा प्रदूषणाचे कागद सांभाळणाऱ्याला तपासणी अधिकाऱ्याची ओळख मागणं, हे त्यातलं. तिथे पुरवठादाराला किंवा अधिकाऱ्याला नाही म्हणणं महाग पडतं, किंवा हो म्हणणं भलतंच दिसतं. हाताखालच्या माणसाकडे मागतानाही तेच. ज्याच्या वार्षिक अहवालावर आपली सही होते, त्याला ‘सोयीचं नसेल तर राहू दे’ हे वाक्य वेगळंच ऐकू येतं.