पारावरची तक्रार वर्तमानपत्रात जाते तेव्हा

महिन्याची दहा तारीख उलटली की तालुक्याच्या बँकेच्या पायरीवर म्हातारीकोतारी माणसे येऊन बसतात. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच प्रश्न असतो, "बाबा, आमचा पगार आला का रे?" संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ योजनेच्या पैशांना गावाकडे पगारच म्हणतात. २०२३ साली हे अनुदान महिना १५०० रुपये करण्यात आले. यात एका जिवाची गोळ्याऔषधे आणि मीठ-मिरची कशीबशी भागते. तो पगार चार महिने आला नाही, तर किराणावाल्याची उधारी बंद होते.

मग कोणी तरी म्हणतो, "पेपरात छापून आणा." गावात जिल्ह्याच्या दैनिकाला बातम्या पाठवणारा एखादा शिकलेला मुलगा असतोच. तो घाईघाईने लिहितो, 'निराधारांची उपासमार, प्रशासन झोपेत.' बातमी छापून येते, कात्रण पारावर फिरते, आणि पगार मात्र येत नाही. असे का होते? कारण त्या बातमीत साहेबाला उत्तर देण्याजोगे काहीच नसते. कोणाचे, कोणत्या महिन्याचे आणि किती, हे लिहिल्याशिवाय कागद हलत नाही.

आधी पासबुक, मग लेखणी

समजा, तुमच्या गावात अकरा जणांची तक्रार आहे. त्यांना एका सकाळी चावडीवर बोलवा आणि वहीत रकाने आखा. नाव, वय, योजना कोणती, बँक कोणती, आणि शेवटचे पैसे कोणत्या तारखेला जमा झाले, एवढे पुरे. शेवटचा रकाना ऐकीव माहितीवर भरू नका. ज्याचे त्याचे पासबुक बँकेत नेऊन आजपर्यंतचे भरून आणा आणि त्यातली तारीख लिहा.

एवढ्यानेच अकरापैकी दोन नावे गळतील. त्यांचे पैसे आलेले असतात, पण पासबुक सहा महिने भरलेले नसते. हीच नावे बातमीत गेली असती, तर तहसील कचेरीने नेमकी तीच दोन खाती दाखवून सगळी तक्रार खोटी ठरवली असती.

आता उरले नऊ. त्यांचे आधार कोणत्या बँकेशी जोडलेले आहे ते पाहा. २०२४ च्या अखेरीपासून हे अनुदान आधारच्या मार्गाने थेट खात्यात जाऊ लागले. आपण अर्जात कोणते खाते लिहिले होते, हे त्यात पाहिले जात नाही. ज्या खात्याशी आधार शेवटचे जोडले गेले, त्यात पैसे पडतात. एखाद्या आजीने बचत गटासाठी दुसऱ्या बँकेत खाते उघडले, तिथे आधार दिले आणि विसरून गेली. तिचा पगार त्या दुसऱ्या खात्यात साठत असतो आणि ती जुन्या बँकेच्या पायरीवर बसलेली असते. अशा दोघी निघाल्या, असे धरा. त्यांचे काम बातमीविना झाले.

आणखी एका आजोबांनी हयातीचा दाखलाच दिलेला नाही. माणूस जिवंत आहे, हे दरवर्षी कागदावर सांगावे लागते. तो दाखला त्यांना आजच द्यायला लावा.

राहिले सहा. त्यांचे सगळे कागद ठीक आहेत, आणि चौघांचे नव्हे, दोघांचे नव्हे, सहाही जणांचे पैसे एकाच महिन्यापासून थांबले आहेत. सहा माणसे, चार महिने, दरमहा १५०० रुपये, म्हणजे ३६,००० रुपये. ही तुमची बातमी! अकराची ओरड होती, तिच्यातून सहांचा पुरावा निघाला.

साहेबांना काय विचारावे

कचेरीत गेलात की पहिले उत्तर ठरलेले असते, "वरून निधी आला नाही." हे खरेही असू शकते. म्हणून जाण्याआधी शेजारच्या गावात एक चक्कर मारा. तिथे त्याच योजनेच्या माणसाला तोच महिना मिळाला आहे का, हे पासबुकावर पाहून घ्या. योजना मात्र तीच हवी. सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांचा निधीही वेगवेगळा येतो, म्हणून प्रवर्गही तोच हवा. शेजारी पैसे मिळाले असतील, तर निधीचे कारण टिकत नाही.

मग तहसीलदारांच्या नावे अर्ध्या पानाचे पत्र लिहा. सोबत सहा नावांची यादी जोडा आणि तीनच प्रश्न विचारा. या सहा जणांचे अनुदान कोणत्या कारणाने थांबले? ते दूर करण्याचे काम कोणत्या टेबलावर आहे? थकलेले चार महिने कोणत्या तारखेपर्यंत जमा होतील? पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. ही पोच जपून ठेवा. उत्तरासाठी तीन-चार दिवस द्या आणि संजय गांधी योजना शाखेच्या नायब तहसीलदारांना समक्ष भेटा.

त्यांनी सांगितले, की आधारवर 'भागीरथी' आणि आमच्या यादीत 'भागूबाई' अशी नावांत तफावत होती, म्हणून पडताळणीत सहा नावे अडकली, तर ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा आणि वाचून दाखवा. "लवकरच करू" यावर उठू नका. "साहेब, बातमीत तारीख लिहायची आहे," असे नम्रपणे म्हणा. भांडायला आलेल्या माणसाला दार दाखवता येते, यादी आणि पोच घेऊन आलेल्याला उत्तर द्यावे लागते.

बातमी कशी असावी

पहिल्या वाक्यात गाव, सहा माणसे, चार महिने आणि ३६,००० रुपये येऊ द्या. दुसऱ्यात एका आजीची हकिगत, तिच्या परवानगीने. तिला नाव नको असेल, तर 'एक ७२ वर्षांची विधवा' एवढे पुरते. आधार क्रमांक, खाते क्रमांक किंवा पासबुकाचा फोटो कधीही छापू नका, फसवणारे टपूनच बसलेले असतात. तिसऱ्यात अधिकाऱ्यांचे उत्तर पदासह आणि तारखेसह, कापछाट न करता. चूक नावाची होती हे त्यांनी मान्य केले असेल, तर तेही छापा. उत्तर मिळालेच नाही, तर तुमचे अनुमान लिहू नका. 'अमुक तारखेला पत्र दिले, पोच आमच्याकडे आहे, आजपर्यंत उत्तर आलेले नाही,' एवढेच लिहा. त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपये शुल्क लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते.

नायब तहसीलदारांनी दिलेली तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या दिवशी सहाही पासबुके पुन्हा भरून आणा. पाच जणांचे आले आणि एकीचे राहिले, तर दुसरी बातमी त्या एकीची. सगळ्यांचे आले, तर तेही छापा, चार ओळींत का होईना. कारण पुढल्या गावची यादी घेऊन कोणी त्याच टेबलासमोर जाईल, तेव्हा साहेबांना आठवेल, की ही माणसे काम झाल्याचेही लिहितात.

आणि त्या दिवशी पासबुक आजीच्या हातात द्याल, तेव्हा आकडा मोठ्याने वाचून दाखवा. तिला वाचता येत नाही.