सरासरी बघून निकाल लावू नका: दोन गट, तीन टेस्ट आणि माझी एक चूक

आजचा भाग ज्यांना ऐकण्याऐवजी वाचायचाय, किंवा ज्यांना ऐकताना आकडे निसटले, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. आकडे कमीच आहेत, पण ते डोळ्यांसमोर असले की गोष्ट पटकन कळते.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. आमच्या ॲपची नवी आवृत्ती बाहेर जायची होती. नवीन बदल टीममधल्या एका ज्युनियर मुलीने केला होता, तीन आठवडे खपून. बाहेर सोडण्याआधी ॲप उघडायला किती वेळ लागतो ते मोजायचं होतं. जुनी आवृत्ती ४० टेस्ट फोनवर होती, नवी फक्त ८ फोनवर. प्रत्येक फोनवरून एकच मोजमाप. आकडे सोपे करून सांगतो:

जुनी आवृत्ती: ४० फोन, सरासरी ८२० मिलिसेकंद, स्टँडर्ड डेव्हिएशन ४०.
नवी आवृत्ती: ८ फोन, सरासरी ८८० मिलिसेकंद, स्टँडर्ड डेव्हिएशन १००.

नवी आवृत्ती ६० मिलिसेकंदांनी हळू दिसत होती. मी पायथनमध्ये टी-टेस्ट चालवली, पी-व्हॅल्यू आली ०.००६. म्हणजे दोन्ही आवृत्त्या खरंतर सारख्याच असत्या, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने हजारात सहा वेळाच दिसला असता. मी मीटिंगमध्ये सांगून टाकलं, "हा बदल मागे घ्या."

ती काही बोलली नाही. पण संध्याकाळी आमच्याकडच्या एका डेटावाल्या दादाने तेच आकडे आर भाषेत टाकले, आणि त्याची पी-व्हॅल्यू आली साधारण ०.१४. आकडे तेच, टेस्टचं नाव तेच, पण निकाल उलटा! तो मला म्हणाला, "अरे, तू कुठली टी-टेस्ट लावलीस ते तरी बघ."

मग बघितलं. पायथनच्या सायपाय लायब्ररीत तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर जुनी, म्हणजे पूल्ड टी-टेस्ट चालते. आरमध्ये काहीच सांगितलं नाही, तर वेल्चची टेस्ट चालते. मी सेटिंगकडे बघितलंच नव्हतं.

पूल्ड टेस्ट काय गृहीत धरते?

टी-टेस्टचं मूळ गणित अगदी साधं आहे. वर दोन सरासऱ्यांमधला फरक, खाली त्या फरकात किती अनिश्चितता आहे त्याचा अंदाज, म्हणजे स्टँडर्ड एरर. वरच्याला खालच्याने भागायचं. वरचा आकडा तर दोघांचाही ६० होता. भांडण होतं ते खालच्या आकड्यावरून.

पूल्ड टेस्ट म्हणते, दोन्ही गटांचा पसारा मुळात सारखाच आहे, तर दोघांचे व्हेरियन्स एकत्र करून एकच अंदाज काढू. व्हेरियन्स म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग. जुन्याचा १६००, नव्याचा १०,०००. आता एकत्र करताना साधी सरासरी काढत नाहीत, तर गटाच्या आकारानुसार वजन देतात: जुन्याला ३९, नव्याला ७, दोन्हीकडे गटाच्या संख्येतून एक वजा. उत्तर येतं साधारण २८७८, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन सुमारे ५४.

इथे घोळ काय झाला बघा. नव्या आवृत्तीचा खरा पसारा १०० होता. पण ४० शांत फोनांच्या गर्दीत त्या ८ फोनांचा गोंधळ दबून गेला आणि टेस्टने तो ५४ धरला. त्यामुळे स्टँडर्ड एरर आली २०.८. साठ भागिले २०.८ म्हणजे २.८९. टी एवढा मोठा, म्हणून पी-व्हॅल्यू एवढी छोटी.

वेल्च काय करतो?

बर्नार्ड वेल्च या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये ही पद्धत मांडली. तो पसारा एकत्र करतच नाही. प्रत्येक गटाचा व्हेरियन्स त्या गटाच्याच संख्येने भागायचा आणि मग बेरीज करायची. जुना गट: १६०० भागिले ४०, म्हणजे ४०. नवा गट: १०,००० भागिले ८, म्हणजे १२५०. बेरीज १२९०, आणि वर्गमूळ ३५.९. साठ भागिले ३५.९ म्हणजे फक्त १.६७.

त्या १२९० मधले १२५० एकट्या छोट्या गटाकडून आलेत. म्हणजे जवळजवळ सगळी अनिश्चितता त्या ८ फोनांची आहे. वेल्चची पद्धत ही गोष्ट डिग्रीज ऑफ फ्रीडममध्येही धरते. आपल्या अंदाजामागे किती स्वतंत्र माहिती आहे, ते हा आकडा सांगतो. पूल्ड टेस्टने तो ४६ धरला होता, वेल्चने साधारण ७.५. बरोबरच आहे, कारण आपल्याला खरी शंका ज्या गटाबद्दल आहे त्यात आठच फोन आहेत.

स्वतः करून बघायचं असेल तर मूळ डेटाही लागत नाही:

```python
from scipy import stats
a = (820, 40, 40, 880, 100, 8)
print(stats.ttest_ind_from_stats(*a))
print(stats.ttest_ind_from_stats(*a, equal_var=False))
```

पहिली ओळ पूल्ड, दुसरी वेल्च.

यातून लक्षात ठेवायची गोष्ट एकच. छोट्या गटाचा पसारा मोठा असेल, तर पूल्ड टेस्ट खोटी आरडाओरड करते. उलट, मोठ्या गटाचा पसारा मोठा असेल, तर ती खरा फरकही दाबून टाकू शकते. दोन्ही गटांची संख्या सारखी असेल, तर दोन्ही पद्धतींचा टी सारखाच येतो, फरक पडतो तो डिग्रीज ऑफ फ्रीडममध्ये. म्हणून "आधी पसारा सारखा आहे का ते तपासू, मग टेस्ट निवडू" या भानगडीत मी आता पडत नाही. आठ आकड्यांवर ती तपासणीच कमजोर असते. सरळ वेल्च वापरतो. पसारा खरंच सारखा निघाला, तरी त्यात फारसं काही गमवावं लागत नाही.

आमचं पुढे काय झालं? नवी आवृत्ती आणखी ३२ फोनांवर टाकली. ४० विरुद्ध ४० झाल्यावर फरक उरला १२ मिलिसेकंदांचा, तोही योगायोगात बसणारा. बदल मागे घेतला नाही. मी त्या मुलीला सगळ्यांसमोर सॉरी म्हणालो, कारण चूकही सगळ्यांसमोरच केली होती.

आणि आकडे एका बाजूला कलंडलेले असतील तर?

आता दुसरी केस. सर्व्हरचा रिस्पॉन्स टाइम, मिलिसेकंदांत, दोन्हीकडे सहा-सहा मोजमापं.

जुना: २१०, २२०, २२५, २३०, २४०, २५०
नवा: १८०, १९०, १९५, २०५, २१५, ९००

नुसतं वाचूनच कळतं की नवा बहुतेक वेळा वेगवान आहे, फक्त एकदा अडकला. पण सरासरी काढा: जुना २२९, नवा ३१४. म्हणजे सरासरीच्या मते नवा ८५ ने हळू! वेल्च लावला तर टी येतो ०.७२ आणि पी-व्हॅल्यू सुमारे ०.५. त्या एका ९०० ने सरासरीही ओढली आणि पसाराही फुगवला.

गंमत म्हणजे ९०० च्या जागी ९००० टाका. सरासरीतला फरक होतो १४३५, तरी टी एकच्या आतच राहतो. वरचा आणि खालचा आकडा एकाच कारणाने फुगतात, आणि टेस्टला काही दिसेनासं होतं.

इथे रँकवाली टेस्ट कामाला येते. १९४५ मध्ये फ्रँक विल्कॉक्सनने आणि १९४७ मध्ये मान आणि व्हिटनी यांनी ती मांडली, म्हणून दोन्ही नावांनी ओळखतात. यात आकडे विसरायचे आणि फक्त क्रम ठेवायचा. बाराही मोजमापं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावा. नव्याला नंबर मिळतात १, २, ३, ४, ६ आणि १२. बेरीज २८. जुन्याची बेरीज ५०.

मला हे जोड्यांनी समजायला सोपं जातं. नव्याचा प्रत्येक आकडा जुन्याच्या प्रत्येकाशी लढवा: सहा गुणिले सहा, ३६ सामने. नव्याचे पहिले चार आकडे प्रत्येकी सहा सामने जिंकतात, २१५ पाच जिंकतो, ९०० एकही नाही. एकूण २९ विजय, ७ पराभव. ९०० चे ९००० केले तरी तो बाराव्या नंबरवरच राहतो, स्कोअर तोच.

```python
juna = [210, 220, 225, 230, 240, 250]
nava = [180, 190, 195, 205, 215, 900]
print(stats.mannwhitneyu(juna, nava))
```

यात २९ दिसेल आणि पी-व्हॅल्यू ०.०९३. म्हणजे कल नव्याच्या बाजूने आहे, पण सहा-सहा मोजमापांवर छातीठोकपणे सांगता येणार नाही. अशा वेळी "फरक नाही" असंही म्हणू नका. "अजून मोजायला हवं" हेच खरं उत्तर.

पण ही जादूची कांडी नाही

रँक टेस्ट वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. ती विचारते, "एकेक उचलला तर कोण बहुतेक वेळा जिंकतो?" सरासरीबद्दल ती काहीच बोलत नाही. तुम्हाला सर्व्हरचा एकूण लागणारा वेळ काढायचा असेल, तर सरासरीच हवी, कारण ९०० मिलिसेकंद सर्व्हर खरोखर अडकला होता आणि पलीकडे कुणीतरी खरोखर वाट बघत होतं. तो आकडा रँकमध्ये लपवला म्हणून त्या माणसाचा वेळ परत येत नाही.

दुसरं, दोन गटांचा पसारा खूप वेगळा असेल, तर या टेस्टचा निकाल "मीडियन वेगळे आहेत" असा वाचता येत नाही. म्हणजे आमच्या ८ विरुद्ध ४० च्या भानगडीतून तिने सुटका केली नसती.

तिसरं, डेटा थोडा वाकडा दिसला की लगेच रँककडे पळायचीही गरज नाही. टी-टेस्टसाठी सरासरी घंटेच्या आकारासारखी वागली म्हणजे पुरते, आणि मोजमापं भरपूर असतील तर बहुतेक वेळा ती तशी वागते. अडचण येते ती मोजमापं थोडी आणि शेपूट लांब असेल तेव्हा.

आता मी टेस्ट चालवायच्या आधी सगळे आकडे एका रेषेवर ठिपके मांडून बघतो. पण त्याच्याही आधी स्वतःला विचारतो, मला सरासरी हवीय की बहुतेक वेळा कोण जिंकतो ते हवंय? सरासरी हवी असेल तर वेल्च, जिंकणारा हवा असेल तर रँक. हे आकडे बघण्याआधी ठरवायचं असतं. दोन्ही चालवून जी पी-व्हॅल्यू आवडली ती उचलली, तर ती चीटिंग झाली.

तुमच्याकडे एखादी जुनी स्क्रिप्ट असेल, तर आज त्यात `ttest_ind` शोधा आणि कंसात `equal_var=False` आहे का ते बघा. नसेल आणि दोन गटांची संख्या वेगळी असेल, तर तो जुना निकाल एकदा परत काढून बघा. भेटू पुढच्या भागात!