‘नो ड्यूज’ फॉर्म नेमका कुठे अडकतो?

राजीनामा मंजूर झाला, तरी ‘नो ड्यूज’ फॉर्म पूर्ण होईपर्यंत शेवटचा हिशेब सहसा हलत नाही. त्यावर पहिली सही आपल्या साहेबांची, म्हणजे काम दुसऱ्याकडे सोपवल्याची. मग अ‍ॅडमिन, स्टोअर वगैरे. आयटीची सही शेवटच्या दिवशीच घ्यावी, कारण लॅपटॉप जमा झाला की मेलही बंद होतो. अकाउंट्स सगळ्यांनंतर, इतरांनी लिहिलेली येणी तिथेच एकत्र करून वजा होतात.

घोळ होतो तो किरकोळ वस्तूंवरून. समजा, लॅपटॉप दिला, पण चार्जर हरवला. आयटीने सही रोखली, तर फॉर्म तिथेच पडून राहतो. त्याऐवजी शेऱ्याच्या रकान्यात ‘चार्जर बाकी, वसुली १,५०० रुपये’ असे लिहून सही मागावी. फॉर्म पुढे सरकतो आणि रक्कम हिशेबातून कापली जाते. नुसते ‘बाकी’ लिहिलेले चालवून घेऊ नका. आकडाच नसेल तर अकाउंट्सवाले कापणार काय? चार्जर सापडलाच, तर तो जमा करून पावती घ्या आणि अकाउंट्सची सही होण्याआधी शेरा रद्द करून घ्या.

ग्रॅच्युइटी मात्र चार्जरसाठी अडवता येत नाही. ती देय झाल्यापासून ३० दिवसांत देणे कायद्याने बंधनकारक आहे.