नव्वद टक्क्यांची अट

घरबसल्या टायपिंगच्या कामात आधी नोंदणी फी मागणारे लोक आता बहुतेकांना ओळखू येतात. म्हणून हल्ली बरेच ठग सुरुवातीला एक रुपयाही मागत नाहीत. ते काम देतात, करार करतात आणि आठवडाभराने वकिलाची नोटीस पाठवतात. पैसे निघतात ते त्या नोटिशीच्या भीतीपोटी.

समजा, जालन्याच्या एका ताईंनी टायपिंगची परीक्षा दिलेली आहे आणि मुलं शाळेत गेल्यावर त्यांना चार तास मोकळे मिळतात. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात येते: सहा दिवसांत ६०० फॉर्म भरा, फॉर्मामागे ३० रुपये, म्हणजे १८ हजार. अट एकच, ९० टक्के अचूकता. आधार, पॅन आणि सही मागवून स्टॅम्प पेपरवरचा करार पाठवला जातो. फोनवरची मुलगी गोड बोलते, "मॅडम, फक्त फॉर्मॅलिटी आहे."

आता हिशेब करू. एका फॉर्मात नाव, पत्ता, कर्जाचा क्रमांक असे २० रकाने आहेत. फॉर्मला पाच मिनिटं धरली, तरी ६०० फॉर्मना ५० तास लागतात. सहा दिवसांत रोज आठ तासांहून जास्त. चार तासांची सवड असलेल्या बाईला हे इथेच अशक्य झालं. पण ताई रात्र रात्र जागून संपवतात. त्यांचा हात चांगला आहे, शंभरात ९९ रकाने बिनचूक. तरीही त्या नापास होतात, कारण करारात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की एक चूक म्हणजे अख्खा फॉर्म बाद. १२ हजार रकान्यांत एक टक्का म्हणजे १२० चुका. त्या इकडे-तिकडे विखुरल्या की शंभराच्या वर फॉर्म बाद होतात आणि अचूकता ८२ टक्क्यांच्या आसपास येते. शिवाय मूळ प्रत मुद्दाम अंधूक दिलेली असते. शून्य की ओ, एक की एल, दोन शब्दांत एक स्पेस की दोन, हे डोळे फाडून पाहिलं तरी कळत नाही. आणि निकाल लावणारेही तेच. हे काम पुरं व्हावं म्हणून दिलेलंच नसतं.

मग 'क्यूसी रिपोर्ट फेल' असा मेसेज येतो. पाठोपाठ नोटीस: कराराचा भंग झाला, पोर्टलचा खर्च म्हणून सहा हजार भरा, नाहीतर कोर्टात केस, घरी पोलीस, सिबिल खराब. घाबरून भरले की 'केस मागे घेण्याची फी' निघते, मग 'एनओसी'ची. जो एकदा भरतो, त्यालाच पुन्हा फोन येतात.

या धमक्यांत दम किती? वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. खटला खरंच दाखल झाला असेल तर त्याला क्रमांक असतो आणि तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ठरलेलं काम जमलं नाही, ही बाब दिवाणी आहे. एवढ्यासाठी पोलीस कुणाला उचलून नेत नाहीत. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला, तरी भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं. फसवून घेतलेली संमती असेल, तर कलम १९ खाली तो करारच रद्द ठरवून घेता येतो. सिबिलमध्ये कर्ज देणाऱ्या संस्था माहिती पाठवतात. टायपिंग करून घेणाऱ्याचा तिथे काही संबंध नाही.

म्हणून पैसे भरू नका आणि फोनवर वाद घालू नका. नंबर ब्लॉक करण्याआधी जाहिरात, करार, रिपोर्ट, नोटीस यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवता येते. कागदपत्रं दिली गेली असतील तर आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि आपल्या नावावर भलतंच कर्ज निघालेलं नाही ना, हे क्रेडिट रिपोर्टमध्ये पाहा. असा पूर्ण रिपोर्ट प्रत्येक क्रेडिट संस्थेकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो.

खरं काम कसं ओळखावं? डीटीपीवाले, प्रकाशक, वकिलांची कार्यालयं आजही टायपिंग बाहेर देतात. ते आधी एखाद-दुसरं पान करून बघतात, पानामागे दर ठरवतात, आणि चुकलं तर पान दुरुस्तीला परत पाठवतात. चुकीसाठी टायपिस्टकडून दंड वसूल करण्याची भाषा त्यांच्याकडे नसते.

नोटीस हातात धरून कुणाला विचारावं हे सुचत नसेल, तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा किंवा १५१०० वर फोन करा. तिथे बायकांना उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो.