एका इंचाचं भाडं

ट्रान्सपोर्टच्या बिलावर नजर टाकताना आपण आधी दर पाहतो. दर करारात लिहिलेला असल्यामुळे तिथे फरक सहसा सापडत नाही. पैसे जातात ते शेजारच्या ‘चार्ज्ड वेट’च्या रकान्यात, म्हणजे ज्या वजनावर भाडं लावलं त्या आकड्यात.

समजा, चाकणच्या कारखान्यातून प्लॅस्टिकच्या कव्हरांचे १० बॉक्स पार्ट लोडने नागपूरला गेले. काट्यावर वजन भरलं ३१० किलो. पण हलका माल गाडीत जागा खूप अडवतो, म्हणून घनफुटाला काही किलो धरून वजन काढतात आणि दोन्हींपैकी जे जास्त त्यावर भाडं लागतं. यात गैर काही नाही. प्रत्येक बॉक्स २४ × २४ × १८ इंचांचा, म्हणजे ६ घनफुटांचा. दहांचे झाले ६० घनफूट. करारात घनफुटाला ८ किलो ठरले आहेत, म्हणजे ४८० किलो. दर किलोला ७ रुपये, भाडं ३,३६० रुपये. बिल मात्र ६०० किलोंचं, ४,२०० रुपयांचं आलं. ६०० ला ६० ने भागलं की उलगडा होतो: घनफुटाला ८ ऐवजी १० किलो धरलेत. ८४० रुपये जादा.

मोजमापातला फरक मात्र असा चटकन दिसत नाही. प्रत्येक बाजूला एकच इंच वाढवून २५ × २५ × १९ लिहिलं, तर ६ घनफुटांचे जवळपास ६.९ होतात आणि ४८० किलोंचे साधारण ५५०. इंचभर फरक कुणाला खटकत नाही, पण या एका खेपेत त्याचे ४९० रुपये होतात. बॉक्स फुगला होता की टेप सैल धरली होती, हे माल पोचल्यावर कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून बिलाची प्रत्येक ओळ बिल्टीच्या नंबरावरून तपासावी. त्या नंबराची बिल्टी आपल्या डिस्पॅच रजिस्टरात आहे का, नग तेवढेच आहेत का, पोच पावतीवर घेणाऱ्याचा सही-शिक्का आणि तारीख आहे का, हे पाहावं. हॉल्टिंग लावलं असेल तर दोन्हीकडच्या गेट रजिस्टरातल्या वेळा मागाव्यात. तोच बिल्टी नंबर मागच्या महिन्याच्या बिलात येऊन गेला नाही ना, हेही पाहावं. पोच पावती उशिरा आली की तीच खेप पुन्हा बिलात येऊ शकते. ही चूक मुद्दाम केलेली असतेच असं नाही, म्हणून आधी फोन करावा, मग लेखी फरक कळवून तेवढी रक्कम वळती करून घ्यावी.

पण या सगळ्याला आधार आपल्याच कागदाचा लागतो. गाडी गेटबाहेर पडण्यापूर्वी बॉक्सची मापं आणि काट्याचं वजन चलनावर लिहा, आणि बिल्टीवरही तेच आकडे लिहून घ्या.